सही करण्याआधी निघायची तारीख काढा

"ताई, आम्ही सहाजण आहोत. वागळे इस्टेटमधल्या एका कोवर्किंगवाल्यांनी बारा पानी करार पाठवलाय. सही करण्याआधी नेमकं काय बघायचं?"

सीटचा दर तुम्ही घासाघीस करून आधीच ठरवलेला असणार, तो सोडा. ठाण्यातल्या छोट्या कंपन्यांचे हिशेब सांभाळताना असे करार माझ्याकडे येतात, आणि मी ते शेवटाकडून वाचते. टीमला निघायचं झालं तर लवकरात लवकर कुठल्या तारखेला निघता येईल आणि तोवर किती पैसे जातील, एवढंच आधी काढते.

समजा सीटला महिना 8,000 रुपये. सहा सीटचे 48,000, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 56,640. सुरुवात 1 एप्रिलला, लॉक-इन, म्हणजे करार मोडून निघता न येण्याचा काळ, सहा महिन्यांचं, नोटीस दोन महिन्यांची. सगळ्यांना वाटतं, 30 सप्टेंबरला मोकळे. पण नोटिशीच्या कलमात "लॉक-इन संपल्यानंतर" असे शब्द असतील, तर नोटीस द्यायलाच 1 ऑक्टोबर उजाडतो आणि सुटका होते 30 नोव्हेंबरला. म्हणजे सहाचे आठ महिने झाले आणि करासकट 1,13,280 रुपये वाढले. "नोटीस लॉक-इनच्या काळातही देता येईल आणि दोन्ही मुदती एकत्र संपू शकतील", हे वाक्य घालून घ्या. सही होण्याआधी बहुतेक जण ते मान्य करतात, नंतर कुणी करत नाही.

लॉक-इन सीटनाही लागू असतं, हे बरेचदा सुटतं. जुलैत दोघे सोडून गेले तरी सप्टेंबरपर्यंत सहाही सीटचं बिल येत राहणार. निदान एक-दोन सीट कमी करायची मुभा मागून बघा.

आणि मधेच निघालात तर? जूनअखेर निघालात, तर उरलेल्या तीन महिन्यांचे 1,44,000 मागतात. डिपॉझिट दोन महिन्यांचं, 96,000. ते पूर्ण गिळून वर 48,000 ची मागणी येते. काही करारांत त्यावर नोटिशीचे पैसे वेगळे लावलेले असतात. तिथे थांबा, एकाच रिकाम्या काळाचे दोनदा पैसे कशाला? भारतीय करार कायद्याच्या कलम 74 नुसार कोर्ट अशा वेळी वाजवी तेवढीच भरपाई देतं, लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. पण एवढ्या पैशांसाठी ठाणे कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार? म्हणून हे कागदावरच निपटवायचं.

डिपॉझिटवर व्याज नसतं, त्याचा वाद घालू नका. परतीची मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची, ते मात्र बघा. "जागा सोडल्यापासून 45 दिवस" आणि "सर्व पूर्तता झाल्यापासून 45 दिवस" यांत मोठं अंतर आहे. त्या 'पूर्तते'त बहुधा तुमचा पत्ता असतो. तुम्ही जीएसटी नोंदणी त्याच जागेवर घेतली असेल, तर ती तिथून काढल्याचा पुरावा मिळेपर्यंत पैसे अडकतात. मुख्य पत्ता बदलायला अधिकाऱ्याची मंजुरी लागते, म्हणजे काही आठवडे गृहीत धरा. शिवाय आधी नवी जागा हातात हवी. कंपनीचा नोंदणीकृत पत्ताही तिथलाच असेल, तर तो बदलायचं काम वेगळं. नोटीस दिली की त्याच आठवड्यात नवी जागा शोधायला लागा. रंगरंगोटीची कपातही आधीच आकड्यात लिहून घ्या. आणि आत शिरताना खुर्च्या-टेबलांचे फोटो काढून त्यांनाच मेल करा.

पाहुण्यांचे नियम करारात सहसा सापडतच नाहीत. तिथे एवढंच असतं की सभासद 'हाऊस रूल्स' पाळेल, आणि ते वेळोवेळी बदलू शकतात. तो वेगळा कागद मागून घ्या. त्यात पाहुणा म्हणजे कोण, हे शोधा. ऑडिटर तीन दिवस येऊन बसला, तर ठरावीक तासांनंतर त्याचा डे-पास लागतो का? शनिवारी मुलाखती घेता येतात का? आणि तुमच्यासारख्या टीमसाठी खरा प्रश्न हा, की सीट सहा पण माणसं आठ, आळीपाळीने येणारी, हे चालतं का? आत शिरायची कार्डं माणसांच्या नावावर असतील तर सातवा माणूस तुमचाच असूनही त्यांच्या हिशेबात पाहुणा ठरतो, आणि दर वेळी पैसे मोजावे लागतात. कार्ड माणसाच्या नावाने नको, सीटच्या नावाने द्या, अशी मागणी करा. नाहीच म्हणाले, तर महिन्यातून किती वेळा नाव बदलता येईल ते लिहून घ्या.

हाऊस रूल्सची आजची प्रत करारालाच जोडायला सांगा, आणि खाली एक ओळ टाका: नियम बदलून खर्च वाढला, तर लॉक-इन असतानाही दंडाशिवाय निघता येईल. ही ओळ ऐकून समोरचा थोडा कुरकुरेल. कुरकुरू द्या, पण ती मिळाल्याशिवाय डिपॉझिटचा चेक देऊ नका.