तुम्ही विचारलंत म्हणून: तेच आजोबा, वेगळं उत्तर

"फोनवर विचारा, घरी जाऊन विचारा, नाहीतर फॉर्म द्या. आजोबा तेच, मग सर्वेक्षणात उत्तर वेगळं कसं येईल?"

येतं, आणि आजोबा खोटं बोलत नसतात. प्रश्न कानावर पडला की डोळ्यांपुढे आला, यावर बरंच ठरतं.

पुण्यातल्या ज्येष्ठांना विचारायचा एक प्रश्न घ्या: बाहेर पडताना सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? पर्याय पाच: जिना, खराब फुटपाथ, रस्ता ओलांडणं, रिक्षा न मिळणं, बसची उंच पायरी. फोनवर ते एकामागोमाग वाचले की पाचवा येईपर्यंत पहिला निसटलेला असतो. शेवटचा कानात ताजा असतो, म्हणून कल त्याच्याकडे जातो. कागदावर किंवा स्क्रीनवर उलट होतं. 'जिना' वाचताच पटतं, खूण होते, आणि खालचे पर्याय नजरेखालून नुसते जातात. तरुणांचंही असं होतं, पण ऐकलेलं क्षणभर धरून ठेवण्याची ताकद वयाबरोबर कमी होते आणि ऐकूही कमी येतं. म्हणून फोनवरची ही ओढ वृद्धांमध्ये जास्त दिसते.

ती ओळखायची असेल तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या लोकांना पर्याय उलट क्रमाने वाचावेत. समजा, बसची पायरी शेवटी असताना 100 पैकी 34 जणांनी ती सांगितली आणि पहिली असताना 20 जणांनी, तर हा फरक बसमुळे पडलेला नाही, आपण वाचलेल्या क्रमामुळे पडला आहे. मला स्वतःला फोनवर प्रश्न तोडणं पसंत आहे: "जिन्याचा त्रास होतो का?" मग फुटपाथचा, मग पुढचा. यात वेळ जातो, शिवाय काही वृद्ध भिडेपोटी प्रत्येकाला "हो" म्हणतात. म्हणून शेवटी "यातला सगळ्यात मोठा कोणता?" हे विचारायलाच हवं.

घरी गेलं की पर्याय मोठ्या अक्षरांत कार्डावर दाखवता येतात. पण "एकटं वाटतं का?" असं विचारताना सून शेजारच्या खोलीत असेल, तर आजी "छे, सगळे आहेत की" म्हणतात. माझ्या मते हा प्रश्न कागदावरच द्यावा, बंद पाकिटासह. मात्र चष्मा सापडत नाही म्हणून नातू फॉर्म भरतो, ऑनलाइन तर हमखास. त्यामुळे 'हा फॉर्म कोणी भरला?' ही ओळ मी प्रत्येक फॉर्मवर मागते.

एक गफलत मात्र फार होते. ऑनलाइन भरणारे कोथरूडचे निवृत्त इंजिनियर आणि फोनवर बोलणाऱ्या जनता वसाहतीतल्या आजी यांची उत्तरं शेजारी ठेवून लोक माध्यमाचा फरक मोजतात. तिथे माणसंच वेगळी आहेत. माध्यमाचा परिणाम मोजायचा, तर कोणाला फोन आणि कोणाला फॉर्म हे आधी चिठ्ठीनेच ठरवावं लागतं.