मस्टरमधला रिमार्कचा कॉलम

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत एचआर बघणाऱ्याच्या गळ्यात एक काम न सांगता पडतं, ते म्हणजे स्थळाची चौकशी. खानापूर, चंदगड, निपाणी, कुठली पण माणसं येतात, मालकांच्या ओळखीचा एक फोन आधी आलेला असतो, आणि चहा पीत विचारतात, पोरगा पर्मनंट आहे का कॉन्ट्रॅक्टवर, हातात किती पडतंय, सोसायटीचं कर्ज किती. मी ठरलेलं उत्तर देतो, की त्यालाच सॅलरी स्लिप दाखवायला सांगा, स्लिप त्याची आहे, तो कुणाला पण दाखवू दे. लोकांना राग येतो. आमच्या आधीचे टाइम ऑफिसवाले सगळं सांगायचे, आणि त्याबद्दल त्यांना हळदीकुंकवापासून बारशापर्यंत सगळी आमंत्रणं असायची.

त्या दिवशी दोघे आले ते मात्र पगाराचं बोललेच नाहीत. त्यातले वयस्कर पाव्हणे म्हणाले, "साहेब, पगाराचं राहू दे ओ. २०२२ साली पोरगा बरेच महिने कामावर नव्हता, टीबी झालता म्हणे, खरं काय ते सांगा." आणि मोबाईल पुढं केला. त्यात आमच्या हजेरीच्या मस्टरचा फोटो. टिकिट नंबर, नाव, ए ए ए ए अशी रांग, आणि शेवटी रिमार्कमध्ये कुणीतरी लिहिलेलं, ईएसआय - टीबी.

मी एवढंच म्हणालो, की कुणाच्या तब्येतीचं आमच्याकडनं होय पण सांगत नाही, नाही पण सांगत नाही. ते एकमेकांकडं बघून उठले. म्हणजे माझं उत्तर त्यांनी "होय" असंच घेतलं, आणि हेच अजून माझ्या डोक्यातनं जात नाही. कारण टीबी आहे हे सांगणं जसं माहिती बाहेर देणं आहे, तसंच "छे, काही नाही, ठणठणीत आहे" हे पण बाहेर देणंच आहे, आणि आज एकासाठी चांगलं बोललो तर उद्या ज्याच्याबद्दल गप्प बसेन त्याचं सगळं उघडं पडलं. नियम म्हणून बरोबर आहे. त्या पोराच्या बाजूनं बघितलं तर तेवढं सोपं नाही.

पाव्हणे गेल्यावर मी फोटोच्या मागं लागलो, म्हणजे तो बाहेर गेला कुठून. आमचं मस्टर एक्सेलमध्ये, आणि महिनाअखेरीला तीच फाईल पगारवाल्याला, प्रॉडक्शनला, लेबर कॉन्ट्रॅक्टरला आणि कँटीनवाल्याला जाते. प्रत्येकाला हवं ते वेगळं, पण फाईल एकच, कारण चार फाईली करायचा कंटाळा. फरक एवढाच, की कँटीनच्या कॉपीत त्यांच्या सोयीसाठी हजर दिवसांपुढं कुपनाचा एक कॉलम घातलेला असतो. फोटोत कडेला अर्धा कापलेला तो कॉलम दिसत होता. म्हणजे कॉपी कँटीनची. कोणी काढला, कधी काढला, ते कळायचा मार्ग नाही, आणि खरं सांगायचं तर त्या माणसाचा शोध घेण्यात मला फार रस पण नव्हता. जेवणाची कुपनं मोजणाऱ्याला मोल्डिंगमधल्या माणसाचा आजार आम्ही दर महिन्याला नेमानं पाठवत होतो, त्याचं काय?

बरं, तो शब्द तिथं लिहायची गरज तरी होती काय? टीबीला ईएसआयमधनं, म्हणजे कामगार विम्यातनं, साध्या सिकनेसपेक्षा जास्त काळ पैसे मिळतात, दीर्घ आजारांच्या यादीत तो आहे, त्या पोराला पगाराच्या ८० टक्क्यांच्या हिशेबानं बेनिफिट मिळालं होतं. पण आजार कुठला आणि किती दिवस, हे ईएसआयचा डॉक्टर ठरवतो आणि पैसे ईएसआय देते. कंपनीकडं शाखेतनं पडताळणीला विचारतात ते एवढंच, की त्या तारखांना माणूस कामावर होता का आणि त्याला पगार दिला का. पगारवाल्याला तर "ईएसआय रजा" एवढं लिहिलेलं पुरतं. रिमार्कमधला आजार कुठल्याच कामाला लागत नव्हता, आधीच्या क्लार्कची ती सवय होती, रजेच्या अर्जाला जोडलेल्या सर्टिफिकेटवर दिसलं ते उतरवायचं. तो बिचारा कामाला चोख होता, हे पण सांगायला पाहिजे. एक तारीख चुकायची नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांकडं गेलो तर त्यांनी फाईलमधला जॉइनिंग फॉर्म काढून दाखवला, "सही आहे की त्याची." तळाला इंग्रजीत एक वाक्य, कंपनीनं माझी सर्व माहिती वापरायला माझी संमती आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा असल्या संमतीला फार किंमत देत नाही, संमती मोकळेपणी दिलेली, ठराविक कामासाठी आणि समजून दिलेली पाहिजे. कामावर रुजू होताना समोर ठेवलेला कागद कोण नाकारतंय? आणि गंमत अशी की नोकरीच्या कामासाठी लागणारी माहिती वापरायला त्या कायद्यात वेगळी संमती लागतच नाही, कलम ७ मध्ये तशी सोय आहे. म्हणजे जिथं गरज नाही तिथं आम्ही सही घेतो, आणि स्थळ, पतसंस्था, वसुलीवाले, जिथं खरंच विचारायला पाहिजे तिथं विचारत नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिने दिलेत, म्हणून मालक म्हणाले अजून वेळ आहे. पण आयटी कायद्याखालचे २०११ चे नियम आधीपासून आहेतच, त्यात आजारपणाची माहिती संवेदनशील धरली आहे, ती तिसऱ्याला देण्याआधी माणसाची परवानगी पाहिजे, आणि कामापुरतीच ठेवायची. मालक म्हणाले, "गावात सगळ्यांना सगळं माहीत असतंयच की ओ."

त्या पोराला मी स्वतः बोलवून सांगितलं, फोटो बाहेर गेलाय, आमच्याच फाईलमधनं गेलाय. त्याला आधीच कळलं होतं. फेटलिंगच्या आवाजात तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "बरा झालोय एवढं तरी सांगायचं होतं साहेब. लिहून देतो की मी." मी म्हणालो लिहून दिलंस तरी मी सांगणार ते काय, मी डॉक्टर नाही, कोर्स पूर्ण झाल्याचा दवाखान्याचा कागद तुझ्याकडं असेल, तो तू दाखव. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत सहसा दुसऱ्याला लागण होत नाही हे त्याला माहीत होतं, पाव्हण्यांना माहीत नव्हतं, आणि ते सांगायला एचआर ही जागा नव्हे. मग त्यानं एकच मागितलं, माझ्या नावापुढचं ते खोडा.

खोडायला लागल्यावर कळलं काम किती आहे. अकाउंट्सवाले म्हणाले मस्टर खोडता येत नाही, रेकॉर्ड आहे. १९३६ च्या पगार कायद्यात रजिस्टर शेवटच्या नोंदीनंतर ३ वर्षं ठेवायला सांगितलं होतं, आणि पीएफच्या वादात जुनी पानं लागतात, हे त्यांचं बरोबरच आहे. पण ठेवायच्या त्या तारखा, हजेरी आणि पगार. आजाराचा शब्द त्यात येत नाही. तेव्हा नोंद तशीच ठेवून रिमार्कचा कॉलम जुन्या सगळ्या महिन्यांतनं रिकामा केला, त्याच्या एकट्याचाच नाही. त्याच कॉलममध्ये कुणाची दारू सोडायची ट्रीटमेंट होती, कुणाच्या बायकोचं बाळंतपण बिघडलेलं होतं. सर्टिफिकेटं रजेच्या अर्जातनं काढून बंद पाकिटात, वर फक्त टिकिट नंबर, किल्ली एकाकडं. कँटीनला आता टिकिट नंबर आणि हजर दिवस एवढीच यादी जाते, नाव पण नाही.

राहिल्या त्या बाहेर गेलेल्या फाईली. कॉन्ट्रॅक्टर आणि कँटीनवाल्याला पत्र दिलं, जुन्या काढून टाका आणि तसं लिहून द्या. कॉन्ट्रॅक्टरनं दिलं. कँटीनवाला म्हणतोय त्याच्याकडं मेल उघडणारं पोरगं काम सोडून हुबळीला गेलंय, पासवर्ड त्यालाच माहीत. त्याचं पुढच्या वर्षाचं रिन्यूअल माझ्या टेबलावर आहे, ते मी अडवून धरलंय, आणि मालकांचा रोज एक फोन येतोय.