उत्तर पर्यायांत होतं

“मॅडम, उत्तर ऑप्शनमध्ये होतं हो,” ती म्हणाली आणि रफ शीट माझ्यापुढे ठेवली. सराव पेपर संपून तासभर झाला होता. बाकीची मुलं आपापले गुण पाहून निघून गेली होती. ही तेवढी थांबली होती, कारण थर्मल प्रोसेसिंगचा जो प्रश्न तिला सगळ्यात पक्का वाटला होता, त्याच्यावरच चूक लागली होती.

पेपर ५० गुणांचा, वेळ ९० मिनिटं. दोन गुणांचा पर्यायी प्रश्न चुकला की दोन तृतीयांश गुण वजा. ज्या प्रश्नांत उत्तराचा आकडा स्वतः टाइप करायचा असतो, त्यांना निगेटिव्ह मार्किंग नाही. प्रत्येक प्रश्न हातात घेताना रफ शीटच्या कडेला घड्याळातली वेळ लिहायची, असा माझा नियम आहे. त्यामुळे शीट वाचली की परीक्षा कशी गेली ते दिसतं.

प्रश्न असा होता. एका जिवाणूच्या बीजाणूंचं १२१ अंश सेल्सिअसला डी-मूल्य, म्हणजे दहातले नऊ बीजाणू मरायला लागणारा वेळ, ०.२ मिनिट, झेड-मूल्य १८ अंश फॅरनहाइट. ११५ अंश सेल्सिअसला १२-डी प्रक्रियेला किती मिनिटं लागतील? पर्याय होते ०.६, ५.२, ९.६ आणि १४.२.

हे चारही आकडे मीच बसवले होते, त्यामुळे कुठला कुठून आला ते मला पाठ होतं. घातांकाचं चिन्ह उलटं घेतलं की ०.६ येतं. १८ हे सेल्सिअसच समजून पुढे गेलं की ५.२. बरोबर उत्तर ९.६. चौथा, १४.२, मी जवळजवळ काढूनच टाकणार होते. तो यायला १८ फॅरनहाइटमधून ३२ वजा करून १.८ ने भागावं लागतं. ते उणे ७.८ येतं, आणि उणे झेड-मूल्य पाहिल्यावर कुणीही थांबेल असं मला वाटलं होतं. ३१ पैकी ९ जणांनी तोच पर्याय निवडला होता.

तिच्या शीटवर सगळं स्वच्छ उतरलं होतं. १०:४२ ला प्रश्न घेतला. उणे ७.७८ आलं. ते खोडलं, पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. मग उण्याचं चिन्ह सोडून ७.७८ घेऊन पुढची आकडेमोड, १४.२, आणि त्याभोवती गोल. पुढच्या प्रश्नाची वेळ १०:५३.

“उणे आलं तेव्हा काय वाटलं तुला?”

“काहीतरी चुकलंय असं वाटलं. पण मग १४.२ आलं आणि ऑप्शनमध्ये दिसलं, म्हणून वाटलं बरोबरच असणार.”

इथेच मला थांबावंसं वाटलं. पर्यायांत आकडा सापडला की शंका मिटते, आणि पेपर काढणारा तेच धरून चाललेला असतो. तो आधी मुलांच्या चुका सोडवतो आणि त्यांची उत्तरं पर्यायांत मांडतो. तुमचा आकडा तिथे आहे याचा अर्थ एवढाच, की तुमच्यासारखं आधी कुणीतरी केलं आहे.

मी विचारलं, “अगं, ३२ कशाचे असतात?” ती म्हणाली, “पाणी गोठतं तिथले.” बरोबर. म्हणजे ३२ हे थर्मामीटरवरच्या वाचनाचे असतात. झेड-मूल्य हे वाचन नसतं, ते दोन तापमानांमधलं अंतर असतं: डी-मूल्य दहापट व्हायला किती अंश खाली यावं लागतं ते. अंतर काढताना दोन्हीकडचे ३२ एकमेकांत वजा होऊन जातात. म्हणून १८ ला फक्त १.८ ने भागायचं. झेड झालं १० अंश सेल्सिअस. ‘दर अंशाला’ दिलेल्या राशींचंही तसंच, विशिष्ट उष्णता घ्या किंवा उष्णतावाहकता. तिथे ३२ चा संबंध येत नाही.

मग मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायला सांगितला. १२१ अंशांना १२-डी म्हणजे १२ गुणिले ०.२, २.४ मिनिटं. तापमान कमी केलं तर वेळ वाढणारच, म्हणजे ०.६ आधीच बाद. पूर्ण १० अंश खाली, १११ ला, वेळ दहापट: २४ मिनिटं. बरोबर मध्ये, ११६ ला, १० च्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे ७.६ च्या आसपास. आपल्याला हवं ११५, त्याच्याही एक अंश खाली. उत्तर ७.६ च्या वर, पण थोडंच. ५.२ गेला. १४.२ साठी जवळजवळ आठ अंश खाली यावं लागलं असतं, आपण सहाच आलो आहोत. आणि १० चा ०.६ वा घात जवळजवळ ४, कारण ४ चा लॉग ०.६०२. दोन पूर्णांक चार चोक नऊ पूर्णांक सहा. तिने स्वतःच २.४ ला ४ ने गुणलं आणि बराच वेळ त्या ९.६ कडे बघत राहिली.

आता हिशेब. दोन गुण मिळायचे ते गेले आणि वर ०.६७ वजा, म्हणजे २.६७ चा फरक. पण खरा तोटा त्या ११ मिनिटांचा होता. ५० गुणांना ९० मिनिटं, म्हणजे दोन गुणांच्या प्रश्नाला साडेतीन मिनिटांच्या थोडं वर. तिने तीन प्रश्नांचा वेळ एकावर घातला होता, आणि शेवटचे तीन प्रश्न कोरे होते. तिन्ही आकडा टाइप करायचे, दोन-दोन गुणांचे, चुकले तरी काही न जाणारे.

“उणे दिसल्यावर मी काय करायला हवं होतं?” तिने विचारलं. मी सांगितलं, एकदा परत पाहायचं, आणि तरी उणेच आलं तर खूण करून पुढे जायचं. कोऱ्याला शून्य असतं. चार पर्यायांतून आंधळा अंदाज केला तरी सरासरी शून्यच पडते: चारदा केलास तर एकदा दोन गुण मिळतात, तीनदा मिळून दोन जातात. एक पर्याय खात्रीने बाद झाला तर अंदाज थोडा फायद्यात येतो, दोन बाद झाले तर चांगलाच. मात्र बाद करायला कारण हवं, जसं ०.६ साठी होतं. चुकीच्या आकडेमोडीतून मिळालेला पर्याय अंदाजापेक्षाही वाईट, कारण तो मुद्दाम तुमच्यासाठीच ठेवलेला असतो.

कोऱ्या प्रश्नांतला एक मी तिला तिथेच सोडवायला दिला. ५० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीतून ताशी ५००० लिटर दूध, घनता १०३० किलो प्रति घनमीटर, स्निग्धता २ सेंटिपॉइज. रेनॉल्ड्स अंक काढा. तिने आकड्यांना हात लावायच्या आधी एका ओळीत सगळं एसआय एककांत उतरवलं: ०.०५ मीटर, सेकंदाला ०.००१३९ घनमीटर, ०.००२ पास्कल-सेकंद. वेग आला सेकंदाला ०.७१ मीटर. मग १८,२००च्या आसपास आकडा. मी विचारलं, स्निग्धता २ च ठेवली असती तर? तिने दशांश चिन्ह तीन घरं सरकवलं. १८.

“इतका कमी तर पाकाचा येईल,” ती म्हणाली. “दूध या वेगाने असं संथ वाहणार नाही.”

तिने शीटच्या कडेला वेळ लिहिली. तीन मिनिटं लागली होती. मग तिने पान उलटलं, १०:४२ च्या नोंदीपाशी गेली आणि त्या खोडलेल्या उणे ७.७८ शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: ‘७.६ च्या वर, २४ च्या खाली.’