नाईटनंतर कुठली शिफ्ट?

«आमच्याकडे नाईटनंतर सेकंड आणि मग फर्स्ट लागते. मेहुण्याच्या कंपनीत बरोबर उलटं: फर्स्ट, सेकंड, मग नाईट. झोपेला आणि तब्येतीला कुठलं बरं?»

मेहुण्याचं बरं. पण त्याच्या वेळापत्रकातही एक जागा दुखरी आहे. वेर्ण्याला शिफ्टची वेळापत्रकं लावण्याचं काम करताना मला हा प्रश्न सारखा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा थोडं लांब चालतं, सरासरी दहा-बारा मिनिटांनी. रोजचा उजेड त्याला ओढून जागेवर आणतो. त्यामुळे झोप पुढे ढकलणं सोपं जातं आणि अलीकडे आणणं जड. दशावतार बघताना तीन तास उशिरा झोपणं कुणालाही जमतं. पण पहाटे चारला उठायचंय म्हणून रात्री आठला आडवं झालं, तर नुसती कूस बदलत राहायचं. फर्स्ट-सेकंड-नाईट या फिरतीत झोपेची वेळ दर बदलाला पुढे सरकते. तुमच्या फिरतीत ती दर वेळी मागे ओढावी लागते.

याहून मोठं कारण मात्र साध्या हिशेबातलं आहे. समजा शिफ्ट सात-तीन, तीन-अकरा आणि अकरा-सात अशा आहेत, आणि बदलाच्या दिवशी मध्ये सुट्टी नाही. तुमच्या उलट्या फिरतीत सेकंड रात्री अकराला सुटते आणि फर्स्ट सकाळी सातला लागते. मध्ये उरले आठ तास. पेडण्याहून येणारा माणूस घ्या. कंपनीची बस त्याला पाऊण-एकला घरी सोडते, जेवून पडेपर्यंत दीड होतो आणि सव्वापाचची बस धरायला साडेचारला उठावं लागतं. झोप झाली तीन तास. पुढे सरकणाऱ्या फिरतीत याच बदलाला मध्ये चोवीस तास मिळतात. युरोपात दोन पाळ्यांमध्ये सलग अकरा तास विश्रांती देण्याचा नियम आहे.

तरीही पुष्कळ जण उलटी फिरती मागतात, आणि त्यांचं कारण खोटं नाही. रविवारची सुट्टी धरली तर शनिवारी दुपारी तीनला फर्स्ट सुटते आणि सोमवारी रात्री अकराला नाईट लागते. म्हणजे छप्पन तास मोकळे. बांद्याला किंवा सावंतवाडीला घरी जाऊन यायला हे सोयीचं पडतं.

आता मेहुण्याची दुखरी जागा. त्याची शेवटची नाईट रविवारी सकाळी सातला सुटते आणि सोमवारी सातला फर्स्ट. फक्त चोवीस तास. कामगार कायद्यात नाईटवाल्याची सुट्टी शिफ्ट सुटल्यापासूनचे सलग चोवीस तास अशी मोजली आहे, त्यामुळे कागदावर हे चालून जातं. अंगाला चालत नाही. रविवारी दिवसभर झोपला तर रात्री झोप येत नाही आणि न झोपावं तर डोळे उघडे राहत नाहीत. माझं ठाम मत आहे की शेवटच्या नाईटनंतर दोन रात्री घरच्या अंथरुणात मिळाल्याच पाहिजेत. त्या न देता नुसती दिशा सुलटी केली, तर काम अर्धंच झालं.

पुरावा विचाराल तर 1982 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात पोटॅशच्या कारखान्यात दर आठवड्याला मागे सरकणारी फिरती बंद करून, तीन आठवड्यांनी पुढे सरकणारी लावली. कामगारांचं समाधान वाढलं, तब्येतीच्या तक्रारी घटल्या, उत्पादनही सुधारलं. पण तिथे दिशा आणि वेग दोन्ही एकदम बदलले, त्यामुळे सगळं श्रेय दिशेला देता येत नाही. स्टॉकहोमच्या पोलिसांवरच्या 1983 च्या अभ्यासात पुढे सरकणाऱ्या फिरतीत रक्तातली चरबी आणि वरचा रक्तदाब कमी दिसला. पुढच्या अभ्यासांत दिशेचा फरक कधी दिसला, कधी पुसट झाला. आठ तासांच्या बदलांनी झोप तुटते, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आणि नाईट ही कुठल्याही फिरतीत नाईटच राहते. घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं, म्हणजे आठवड्याच्या नाईटमध्ये ते अर्ध्यावर पोचतं आणि लगेच परत फिरवावं लागतं. म्हणून दोन फर्स्ट, दोन सेकंड, दोन नाईट आणि मग दोन सुट्ट्या अशी भरभर पुढे जाणारी फिरती मला आठवड्याच्या फिरतीपेक्षा बरी वाटते. तीत घड्याळ जागेवरच राहतं.

तुमचं वेळापत्रक हातात घ्या आणि फक्त बदलाच्या दिवसांवर खूण करा. जिथे मध्ये अकरा तासांहून कमी दिसतील, तिथला बदल आधी मागा. त्या सकाळी दुचाकीवर मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, तर डोळा लागून गेला असं समजा. अशा दिवशी गाडी घरी ठेवून कंपनीच्या बसनंच या.