सहा निरोप, जागा दोनच

आमचा विभाग बंद होणार हे कळलं तेव्हा हातात तीन महिने होते. माझं काम औषधांच्या पॅकिंगची गुणवत्ता तपासण्याचं. त्याच रात्री मी जवळच्या आठ जणांना फोन केले आणि सगळे मनापासून कामाला लागले. आठवड्याभरात सहा निरोप आले, पण सगळे मिळून जागा निघाल्या दोनच. एक जाहिरात तर मला चौघांनी पाठवली, आणि ती मी आधीच पाहिली होती.

त्यांचा दोष नव्हता. आम्ही सगळे एकाच क्षेत्रातले, एकमेकांच्या घरी येणंजाणं असलेले. एकाला जे कळतं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. मग मला ठाऊक नाही असं त्यांच्याकडे काय असणार?

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. ओळखीतून नोकरीची खबर मिळालेल्या ५४ जणांना त्याने विचारलं होतं, की त्या माणसाशी तेव्हा तुमची भेट किती वेळा व्हायची? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त, असं सांगणारे ९ निघाले. अधूनमधून म्हणणारे ३०. आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी, असे १५. त्याचं स्पष्टीकरण साधं आहे. माझे दोन जिवलग असतील, तर त्या दोघांचीही एकमेकांशी ओळख होतेच, त्यामुळे खबर त्याच वर्तुळात फिरत राहते. दुसऱ्या वर्तुळाकडे जाणारा पूल बहुधा नुसत्या ओळखीचाच असतो.

मी वही काढली आणि चाळीसेक नावं लिहिली. प्रत्येकापुढे दोन गोष्टी टिपल्या: शेवटची भेट कधी झाली, आणि माझ्या मित्रमंडळींपैकी किती जण त्याला ओळखतात. ज्यांना सगळेच ओळखतात ती नावं खोडली. ज्यांना माझा चेहराही आठवणार नाही तीसुद्धा खोडली. लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही असंच दिसलं होतं: अगदी पुसट ओळखीपेक्षा मध्यम पातळ ओळख जास्त उपयोगी पडते. माझ्या वहीत सतरा नावं उरली.

पहिल्या पाच जणांच्या बाबतीत मी घोळ घातला. ‘काही असेल तर कळवा’ एवढंच लिहिलं. पाचही जणांचं उत्तर आलं, ‘नक्की’. त्यानंतर एकाचंही अक्षर नाही. मित्र ‘काही असेल तर’चा अर्थ लावतो, कारण त्याला माझं काम माहीत असतं. ओळखीच्या माणसाला काय शोधायचं तेच कळत नाही. शिवाय ‘जागा आहे का?’ असं थेट विचारलं की ‘नाही’ म्हणून त्याची सुटका होते.

म्हणून पुढच्या मेसेजमध्ये आमची ओळख कुठली ते एका ओळीत लिहिलं, माझं काम एका ओळीत, आणि मग एकच प्रश्न: येत्या सहा महिन्यांत तुमच्या माहितीत कुठे नवी पॅकिंग लाइन बसतेय का? लाइन नवी आली की ती तपासून प्रमाणित करावी लागते, आणि त्यासाठी माझ्यासारखी माणसं लागतात. जाहिरात त्यानंतर निघते.

खबर दिली ती आमच्याकडे यंत्रदुरुस्तीला येणाऱ्या एका इंजिनिअरने. वर्षातून दोनदा भेट, तीही ब्लिस्टर मशीनपाशी उभ्याउभ्या. पण हा गृहस्थ वीसेक कारखान्यांत फिरतो, त्यामुळे कुणी कोणतं यंत्र मागवलंय हे त्याला तिथल्या एचआरच्या आधी कळतं! (या यादीत असे फिरते लोक मी आणखी घ्यायला हवे होते.) एका ठिकाणी दोन महिन्यांत दोन लाइन येणार होत्या. त्याने तिथल्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुखाचं नाव सांगितलं, मी फोन केला, आणि जागा जाहीर व्हायच्या आधीच माझी पहिली मुलाखत झाली.

पण इंजिनिअरची मदत इथवरच. मी कामाला कशी आहे, दबावाखाली चुकीच्या बॅचवर सही करेन की नाही, हे तो काय सांगणार? दुसऱ्या फेरीनंतर त्यांनी संदर्भ मागितला, तेव्हा कामी आली नऊ वर्षं शेजारी बसलेली माझी जुनी मैत्रीण. ती त्यांच्याशी अर्धा तास बोलली. बातमी पुसट ओळखीने आणली, हमी मात्र जवळच्या माणसानेच दिली. जिथे निवड वशिल्यावर किंवा निव्वळ विश्वासावर होते, तिथे तर नुसत्या ओळखीचा फारसा उपयोग नाही.

रुजू झाल्यावर मी इंजिनिअरला आभाराचा फोन केला.

“कोणती लाइन, मॅडम?” त्याने विचारलं. त्याला काही आठवतच नव्हतं.