गोडाऊनची मांडणी बदलली, पण पाच आठवडे एका यादीने खाल्ले

आमचं गोडाऊन भिवंडीजवळ, माणकोली नाक्यापासून थोडं आत. माल इलेक्ट्रिकचा: स्विच, सॉकेट, एमसीबी, वायरची बंडलं, एलईडी बल्ब, टेप, क्लिपा. सिस्टीममध्ये जवळपास १,४०० आयटम आहेत. रॅकच्या दहा गल्ल्या, प्रत्येक २० मीटर लांब, आणि एका गल्लीपासून दुसरी साधारण ४ मीटरवर. डिस्पॅचचं टेबल पहिल्या गल्लीच्या तोंडाशी, शटरजवळ. म्हणजे दहाव्या गल्लीच्या शेवटच्या कप्प्यातून एक वस्तू आणायची, तर जायलाच ५६ मीटर आणि परत तेवढेच.

माल काढणाऱ्या पोरांचे पाय दुखतात हे मला दिसत होतं. दोघांच्या मोबाईलमधली पावलं आठवडाभर लिहून घेतली, तर सरासरी दिवसाला १८,००० निघाली. तेव्हा ठरवलं, जास्त लागणारा माल टेबलाजवळ आणायचा. त्यासाठी मला एकच गोष्ट हवी होती: कोणत्या आयटमच्या कप्प्यापाशी माणूस किती वेळा जातो.

ही एक गोष्ट मिळवायला पाच आठवडे गेले, तरी ती मिळाली नाही.

मुख्य ऑफिसला मेल केला की एबीसी करायचंय, म्हणजे मालाचे महत्त्वाप्रमाणे ए, बी, सी असे तीन वर्ग पाडायचेत, विक्रीचा डेटा द्या. आठ दिवसांनी उत्तर आलं, "एबीसी तर आपल्याकडे तयारच आहे," आणि सोबत हिशेब विभागाची फाईल. त्यात १४० आयटम ए वर्गात. पहिल्या पानावर डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, मोठे कॉन्टॅक्टर, पंखे. वरून फोनही आला की यादी आलीय, तर लगेच माल हलवा. मी हलवला. सगळे डिस्ट्रिब्यूशन बोर्ड पहिल्या गल्लीत आणले. आमच्याकडे सगळ्यात जुने जे माल काढतात, त्यांना सगळे काका म्हणतात. ते दुसऱ्या दिवशी माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "साहेब, हे बोर्ड दिवसाला दोन-तीन जातात. टेप मात्र नवव्या गल्लीतच आहे. आज टेपसाठीच मी पंधरा वेळा तिकडे जाऊन आलो."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. हिशेबाची यादी पैशावर केलेली असते: वर्षाचा खप गुणिले किंमत. ही पद्धत १९५१ साली जनरल इलेक्ट्रिकमधल्या फोर्ड डिकी यांनी मांडली, तीच मुळी साठ्यात अडकलेल्या पैशावर लक्ष ठेवण्यासाठी. कोणत्या मालाची मोजणी वारंवार करायची, कोणता कुलपात ठेवायचा, हे त्या यादीवरून बरोबर कळतं. पण टेपचं एक भेंडोळं दहा-पंधरा रुपयांचं. पैशाच्या यादीत ते कायम सी वर्गातच राहणार, आणि पायांना मात्र तेच सगळ्यात जास्त पळवणार.

मग मी परत मेल केला की पैसे नकोत, खप द्या. आली महिन्याच्या एकूण नगांची फाईल. ही दुसरी चूक, आणि ही मात्र माझी. खप मागितला म्हणून नग मिळाले. एक ठेकेदार एका बिलात ५०० टेप नेतो, तेव्हा आमचा माणूस नवव्या गल्लीत एकदाच जातो. आणि पन्नास दुकानदार दोन-दोन नेतात, तेव्हा पन्नास वेळा जातो. पहिल्यात ५०० नग, दुसऱ्यात १००. नगांची यादी सांगते की पहिलं मोठं; पाय सांगतात दुसरं. मांडणीसाठी मोजायच्या त्या फेऱ्या, म्हणजे पिकलिस्टवर, ऑर्डरसाठी काय काय काढायचं ते छापलेल्या कागदावर, तो आयटम किती ओळींत आला ते.

तिसऱ्या मेलमध्ये नीट लिहिलं: प्रत्येक पिकलिस्टची प्रत्येक ओळ वेगळी हवी, आणि ओळीत तारीख, पिकलिस्ट नंबर आणि आयटम कोड एवढंच हवं. हे वाक्य पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं. तुम्हाला कुणाकडून डेटा मागायचा असेल तर असाच मागा, "विक्रीचा डेटा" असं म्हणू नका. उत्तर आलं की असा रिपोर्ट सॉफ्टवेअरवाल्यांकडून बनवून घ्यावा लागेल, मंजुरी लागेल. दर सोमवारी मी फोन करायचो, दर सोमवारी "पाठवलंय पुढे". डिस्ट्रिब्यूशन बोर्ड पहिल्या गल्लीत तसेच, आणि पोरं रोज नवव्या गल्लीत. तो राग अजून गेलेला नाही, कारण मी मागत होतो ती माहिती रोज आमच्याच प्रिंटरमधून कागदावर बाहेर पडत होती.

आणि तोच कागद शेवटी कामाला आला. कमी माल मिळाल्याच्या तक्रारी येतात म्हणून जुन्या पिकलिस्ट आम्ही खोक्यात भरून ठेवतो. पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारी मी खोकी उघडली. महिन्याच्या सुरुवातीचे सहा दिवस आणि शेवटचे सहा दिवस निवडले, कारण महिनाअखेरीस स्कीम संपते म्हणून दुकानदारांची खरेदी वेगळीच असते. दिवसाला साधारण ७५ पिकलिस्ट, एकेकीवर सरासरी आठ ओळी. बारा दिवसांच्या मिळून ७,२०० ओळी झाल्या. मी आणि स्टोअरचा मुलगा, दोघांनी तीन संध्याकाळी बसून `Lines` नावाच्या शीटच्या A कॉलममध्ये फक्त आयटम कोड टाईप केले. नग नाही, नाव नाही. ते टाकत बसलो असतो तर महिना गेला असता.

मग दुसऱ्या शीटवर A कॉलममध्ये आयटम कोडची यादी आणि समोर, तो कोड किती ओळींत आला हे मोजणारं हे सूत्र:

```
=COUNTIF(Lines!A:A,A2)
```

आकडे उतरत्या क्रमाने लावले आणि वरून बेरीज करत आलो. पहिल्या ९४ आयटममध्ये ७० टक्के ओळी संपल्या. ते माझे ए. पुढच्या १८० मध्ये आणखी २० टक्के, ते बी. उरलेल्या १० टक्क्यांत सुमारे ३०० आयटम, ते सी, आणि बाकीच्यांना बारा दिवसांत कुणी हातही लावला नव्हता. टेपच्या फेऱ्या १९८. हिशेबाच्या ए वर्गातले १४० पैकी फक्त ३८ माझ्या ए मध्ये आले. दीड एमएमची लाल वायर दोन्हीकडे होती, डिस्ट्रिब्यूशन बोर्ड एकाच यादीत. (हात न लागलेला माल लगेच मेलेला समजू नका. बारा दिवस थोडे असतात. मी ती यादी काउंटरवर दाखवली, तेव्हा त्यातले काही आयटम फक्त दिवाळीआधी हलतात हे कळलं.)

टेपचा हिशेब मांडून बघितला. नवव्या गल्लीतल्या कप्प्यापर्यंत ४४ मीटर, जाऊन-येऊन ८८. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी आणला तर १२. एका फेरीमागे ७६ मीटर, १९८ फेऱ्यांना सुमारे १५ किलोमीटर. मी खूश झालो आणि घाईने वरचे वीस आयटम तेवढे पुढे आणले. आठवडाभर पावलं मोजली: १८,००० ची १७,४०० झाली. बस्स.

दोन दिवस मी त्या आकड्याकडे बघत होतो. कारण शेवटी कळलं ते असं. माणूस एका वस्तूसाठी जाऊन परत येत नाही, आठ ओळींची एक चक्कर मारतो. सात वस्तू टेबलाजवळ असल्या आणि आठवी नवव्या गल्लीत, तर नववी गल्ली चुकत नाही. टेपची १५ किलोमीटर बचत कागदावरची होती. त्याच लिस्टवर क्लिपा असल्या की माणूस तिकडे जातच होता. त्यामुळे फेऱ्या गुणिले अंतर हा हिशेब कोण आधी, कोण नंतर हे ठरवायला चांगला आहे, पण किती बचत होईल हे तो सांगत नाही. बचत तेव्हाच दिसते जेव्हा लांबच्या गल्ल्यांत जायचं कारणच उरत नाही.

मग दोन रविवार घेऊन पूर्ण काम केलं. ए पहिल्या तीन गल्ल्यांत, बी चौथी ते सहावी, सी आणि न हलणारा सातवी ते दहावी. आधी पुढचा मंद माल मागे नेला, मगच जागा मोकळी झाली. उलट क्रमाने केलं तर माल रस्त्यात पडून राहतो. ए आणि बी मिळून ९० टक्के ओळी असल्या तरी आठही ओळी त्यातच असण्याचं प्रमाण बरंच कमी. तरी आता जवळजवळ निम्म्या लिस्ट सहाव्या गल्लीच्या पुढे जातच नाहीत. पावलं १३,००० वर आली. तो आकडा मी फळ्यावर लिहिला, आणि अजून पुसलेला नाही.

सगळे ९४ एकाच गल्लीत कोंबू नका. आमच्या गल्लीत दोन ट्रॉल्या जेमतेम निघतात. पहिल्याच गल्लीत सगळं ठेवलं असतं तर पोरं एकमेकांची वाट बघत उभी राहिली असती. मी तिन्ही गल्ल्यांचा पुढचा अर्धा भाग घेतला, कमरेपासून खांद्यापर्यंतचे दोन कप्पे, एकेका कप्प्यात दोन आयटम. ४८ कप्पे, ९६ जागा, त्यात ९४ बसले. वायरची बंडलं कमरेच्या पातळीवरच, खांद्यावरून उतरवायची वेळ येऊ देऊ नका.

वन-वे आणि टू-वे स्विच दोन्ही ए मध्ये, म्हणून शेजारी ठेवले होते. समोरून दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्याच आठवड्यात चार बिलांत अदलाबदल झाली. आता मध्ये पाच कप्प्यांचं अंतर आहे.

एक गोष्ट खरं तर सर्वांत आधी सांगायला हवी होती. पिकलिस्ट आयटम कोडच्या क्रमाने छापली जात असेल, तर मांडणी कितीही चांगली करा, माणूस पहिल्या गल्लीतून पाचव्या आणि पुन्हा पहिल्या गल्लीत जातो. लिस्ट जागेच्या क्रमाने छापून घ्या. आमच्याकडे तसं केल्यावरही गोंधळ झाला, कारण गल्ल्यांची नावं `R1`, `R2` अशी होती आणि सिस्टीम त्यांना `R1`, `R10`, `R2` असं लावायची. नावं `R01`, `R02` केली, लेबलं बदलली, आणि हलवलेल्या प्रत्येक आयटमची सिस्टीममधली जागा त्याच रविवारी बदलली. एक जरी राहिला तर सोमवारी माणूस रिकाम्या कप्प्यासमोर उभा असतो.

मुख्य ऑफिसची फाईल सातव्या आठवड्यात आली, तीन महिन्यांची, मी मागितली होती अगदी तशी. त्यावर तोच COUNTIF लावून बघितला. माझ्या ९४ पैकी ८६ आयटम त्या यादीतही ए मध्ये होते. उरलेले आठ पुढच्या रविवारी बदलले.