प्लीज लावलं तरी हुकूमच

"मी प्रत्येक मेलमध्ये प्लीज लिहितो, तरी लंडनच्या क्लायंटला माझं इंग्रजी तुसडं का वाटतं?"

हुकमाला प्लीज लावलं तरी तो हुकूमच राहतो, म्हणून. आपला आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो: पाठव, पाठवा, पाठवाल का. इंग्रजीत 'सेंड' एकच आणि 'यू'सुद्धा एकच. आपण मनात 'पाठवा' म्हणत 'प्लीज सेंड' लिहितो, आणि तिकडे पोचतं ते 'पाठव'.

ही कसर इंग्रजी बहुतेक वेळा 'कुड' आणि 'वुड' वापरून भरून काढतं. 'कॅन'चं भूतकाळी रूप 'कुड', 'विल'चं 'वुड'. काम तर आत्ताच हवंय, मग भूतकाळ कशाला? साहेबांच्या दारात आपण काय म्हणतो आठवा: "सर, जरा बोलायचं होतं." बोलायचं आत्ताच असतं, तरी 'होतं'. मागणी एक पाऊल मागे घेतली की समोरच्याला नाही म्हणायला वाव राहतो. 'आय वॉन्टेड टु आस्क' हे त्याचंच सख्खं भावंड.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तिकडच्या एका सहकाऱ्याला लिहिलं होतं: 'युअर फिगर्स आर राँग. प्लीज सेंड द करेक्टेड रिपोर्ट बाय टुमॉरो.' उत्तर आलं नाही, माझ्या मॅनेजरबाईंना फोन मात्र गेला. त्यांनी शेजारी बसवून मजकूर बदलून घेतला: 'आय थिंक द फिगर्स ऑन पेज थ्री मे नीड अनदर लुक. कुड यू सेंड द करेक्टेड रिपोर्ट बाय टुमॉरो?' 'युअर' गेलं, म्हणजे चूक माणसावरून कागदावर आली. 'आय थिंक' आणि 'मे' आल्यामुळे माझंही चुकू शकतं एवढी फट राहिली. 'बाय टुमॉरो'ला मात्र बाईंनी हात लावू दिला नाही. तिथे 'इफ पॉसिबल' जोडलं असतं, तर रिपोर्ट उद्या नाही आला तरी चालेल असाच अर्थ घेतला गेला असता.

'आय हॅव अ डाउट' हेही जपून. आपल्याकडे ती साधी शंका, वर्गात हात वर करून विचारतो तशी. तिकडे मात्र तुमचा त्यांच्या म्हणण्यावर विश्वास नाही असं वाटतं. विचारायचंच असेल तर 'कुड आय चेक वन थिंग?' पुरतं. मतभेद असेल तर 'आय ॲम नॉट शुअर दिस विल वर्क'. ब्रिटिश माणूस असं म्हणाला, तर बहुतेक वेळा ते 'हे चालणार नाही' असंच समजा.

आणि 'वुड यू माइंड सेंडिंग इट?' याला उत्साहाने 'येस' म्हणू नका. प्रश्न 'तुमची हरकत आहे का' असा आहे. मी एकदा 'येस, शुअर' म्हणालो होतो. समोरची बाई दोन सेकंद माझ्याकडे नुसती बघत राहिली.